वर्तुळाचं उत्तर तपासताना बिंदू टाकले, शून्य येत नाही. चूक नेमकी कुठे ते कसं शोधायचं?

शेवंता

लेक अकरावी सायन्सला आहे. सध्या वर्तुळ आणि बिंदुपथ चालू आहे. क्लासमध्ये सांगितलंय की उत्तर आलं की दिलेले बिंदू त्यात टाकून बघायचे, शून्य आलं तर बरोबर. इथवर मलाही कळतं. पण शून्य नाही आलं तर पुढे काय? ती सरळ पान फाडते आणि पहिल्यापासून सुरू करते. कालचा अख्खा रविवार तीन गणितांत गेला.

एक गणित असं: A(-2, 2), B(5, 3), C(2, -6) या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं समीकरण काढा. तिचं उत्तर आलं

x² + y² - 2x + y - 20 = 0

यात A टाकला तर -6 येतं, B टाकला तर 7 आणि C टाकला तर 10. म्हणजे चुकलंय हे नक्की. पण या तीन आकड्यांवरून कुठे चुकलंय ते कळू शकतं का?

दुसरं गणित बिंदुपथाचं. A(1, 2) आणि B(4, 5) दिलेत, P असा फिरतो की PA = 2PB. तिचं उत्तर x² + y² - 10x - 12y + 53 = 0. यात A टाकला तर 24 आणि B टाकला तर -6. म्हणजे हेही चुकलं. हे तिने चार वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच उत्तर येतंय. रडकुंडीला आली होती.

झटपट_सीईटी

काकू, तिन्ही बिंदू टाकत बसायची गरजच नाही. एक टाकायचा, जमला की पुढे. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, एवढा वेळ कुणाकडे आहे? आम्ही तर उलटंच करतो. चार पर्याय दिलेले असतात, सर्वात सोपा बिंदू चारही पर्यायांत टाकायचा, जो शून्य देईल तो गोल करायचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, चुकलं तरी फरक पडत नाही. आणि बिंदू निवडताना ज्यात 0 असेल तो घ्यायचा, आकडेमोड वाचते.

चक्रपाणी

झटपट, पर्याय समोर असताना तुझी रीत चालते, तीही पर्याय काढणाऱ्याने दया दाखवली असेल तर. स्वतः काढलेल्या उत्तराला ती अपुरी आहे. हे समीकरण बघ: x² + y² + 4y - 16 = 0. यात ताईंचा A टाक. 4 + 4 + 8 - 16, शून्य. C टाक. 4 + 36 - 24 - 16, पुन्हा शून्य. दोन बिंदू जमले. आता B टाक: 25 + 9 + 12 - 16, म्हणजे 30. दोन बिंदूंतून अगणित वर्तुळं जातात, त्यामुळे दोन जमले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. तीन बिंदू एका रेषेत नसतील तर त्यांच्यातून एकच वर्तुळ जातं. म्हणून तिसरा जमला की मात्र शंका उरत नाही.

0 असलेला बिंदू घेण्याचं तर आणखी वाईट. x शून्य असेल तर x चा सहगुणक काहीही लिहा, तो बिंदू तक्रार करणार नाही. (0, 0) टाकून फक्त शेवटचा आकडा तपासला जातो, बाकी सगळं न बघताच पास.

शेवंताताई, आता तुमचा प्रश्न. हो, त्या तीन आकड्यांवरून चूक सापडते, आणि पान फाडावं लागत नाही.

विचार असा करा. बरोबर समीकरणातही x² + y² असणार आणि चुकलेल्यातही तेच आहे. फरक असेल तो x च्या सहगुणकात, y च्या सहगुणकात किंवा शेवटच्या आकड्यात. म्हणजे बिंदू टाकल्यावर जे काही उरतं ते फक्त या तीन जागांवरून आलेलं असतं. मग उरलेल्या आकड्यांकडे बघायचं.

तिन्हीकडे एकच आकडा उरला तर फक्त अचर पद चुकलंय. उदाहरणार्थ -20 च्या जागी +20 लिहिलं असतं तर तिन्हीकडे 40 उरले असते. x च्या पदाचं चिन्ह उलटं झालं असतं तर उरलेले आकडे बिंदूंच्या x निर्देशकांच्या पटीत आले असते: इथे x आहेत -2, 5, 2, तर उरलं असतं -16, 40, 16. हे दोन नमुने डोळ्यांनाच दिसतात.

तुमच्याकडे आलेत -6, 7, 10. सगळे सारखे नाहीत, x च्या पटीत नाहीत, y च्या (2, 3, -6) पटीतही नाहीत. म्हणजे निदान दोन जागी गडबड आहे. चूक ax + by + c एवढी आहे असं धरा आणि बिंदू टाका:

-2a + 2b + c = -6
5a + 3b + c = 7
2a - 6b + c = 10

सोडवलं की a = 2, b = -1, c = 0. म्हणजे जास्तीचं शिरलंय ते 2x - y. मुलीच्या समीकरणातून ते वजा करा:

x² + y² - 4x + 2y - 20 = 0

झालं उत्तर. आता a आणि b कडे पुन्हा बघा. तिने लिहिलेलं होतं -2x + y, आणि चूक निघाली 2x - y. बरोबर उलट. म्हणजे ती दोन पदं जेवढी हवी होती त्याच्या निम्मी लिहिली गेली. वर्तुळाच्या x² + y² + 2gx + 2fy + c = 0 या रूपातले g = -2, f = 1, c = -20 तिने बरोबरच काढलेत, शेवटी 2gx + 2fy लिहिताना 2 विसरली. तिची वही बघा, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ठीक असणार.

शेवंता

सर, वही बघितली. खरंच g, f, c बरोबर आहेत! शेवटच्या ओळीतच 2 राहिलाय. तिला दाखवल्यावर दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली "म्हणजे मी उगाच सगळं परत केलं". पण ती तीन समीकरणं सोडवायची म्हणजे पुन्हा गणिताएवढंच काम झालं ना?

चक्रपाणी

पूर्ण सोडवायची वेळ क्वचित येते. आधी "सगळे सारखे आहेत का", मग "x च्या किंवा y च्या पटीत आहेत का" एवढंच बघायचं. नाहीच जमलं तर शेवटच्या दोन ओळी तपासायच्या, कारण ही 2 ची चूक तिथेच होते. तिथेही नाही सापडली तर तीन समीकरणं.

आणि एक. बिंदू टाकताना ते प्रश्नपत्रिकेतून वाचून टाकायचे, वहीतून नाही. -2 चा 2 करून उतरवला असेल तर वहीतले तिन्ही बिंदू झकास शून्य देतात आणि उत्तर दुसऱ्याच वर्तुळाचं असतं. असे पेपर मी कितीतरी तपासलेत.

उंबराचं_फूल

दुसऱ्या गणिताबद्दल कुणी बोललंच नाही. शेवंताताई, ते उत्तर बरोबर आहे. लेकीला सांगा रडू नको.

तिथे A आणि B टाकायचेच नाहीत. पहिल्या गणितात A, B, C वर्तुळावरच आहेत, म्हणून ते समीकरणात बसले पाहिजेत. दुसऱ्यात A आणि B नुसत्या खुंट्या आहेत, ज्यांच्यापासून P चं अंतर मोजायचंय. P स्वतः A वर आला तर PA शून्य होईल आणि PB शून्य नसेल, मग PA = 2PB कसं होणार? A आणि B समीकरणात बसले असते तरच काळजी करायला हवी होती.

टाकायचे ते असे बिंदू, जे अट पाळतात हे आपल्याला समीकरणाशिवाय माहीत आहे. इथे असे दोन बिंदू कागदावर रेघ मारून मिळतात. AB चे तीन सारखे भाग करा. A(1, 2) वरून निघालात की (2, 3), मग (3, 4), मग B(4, 5). (3, 4) हा A पासून दोन भाग दूर आणि B पासून एक भाग दूर. अट पाळतो. तो टाका: 9 + 16 - 30 - 48 + 53, शून्य. दुसरा बिंदू AB च्या पुढे: B जर A आणि P च्या मधोमध असेल तर PA हा PB च्या दुप्पट होतो. तो P म्हणजे (7, 8). 49 + 64 - 70 - 96 + 53, शून्य.

या गणितात नेहमीची चूक म्हणजे वर्ग करताना 2 चा वर्ग राहतो, PA² = 2PB² लिहिलं जातं. मग उत्तर येतं x² + y² - 14x - 16y + 77 = 0. दिसायला तेवढंच देखणं. (3, 4) टाकला की -4 उरतं आणि पितळ उघडं पडतं.

झटपट_सीईटी

पण इथे तुम्हीच दोन बिंदू टाकून थांबलात. वर सर म्हणाले दोन पुरत नाहीत.

उंबराचं_फूल

बरोबर पकडलंस, थांबायला नको. तिसरा बिंदू अटीवरून शोधणं अवघड आहे, म्हणून तो उलट्या बाजूने घ्यायचा. समीकरणात x = 7 घाल. उरतं y² - 12y + 32 = 0, म्हणजे y = 4 किंवा 8. (7, 8) आपण आधीच घेतलाय, (7, 4) नवा. आता हा समीकरणात टाकायचा नाही, तिथूनच तर आलाय. अटीत टाकायचा. PA² = 36 + 4 = 40, PB² = 9 + 1 = 10. चौपट, म्हणजे अंतर दुप्पट. जमलं.

बिंदुपथात दोन्ही दिशांनी बघावं लागतं. अट पाळणारा बिंदू समीकरणात बसला म्हणजे तो सुटलेला नाही. समीकरणातला बिंदू अट पाळतो म्हणजे फालतू काही आत आलेलं नाही. पहिल्या दिशेने सगळे बघतात, दुसऱ्या दिशेने कुणी बघत नाही.

चक्रपाणी

उत्तम. आणि ताईंचे ते 24 आणि -6 सुद्धा फुकट गेलेले नाहीत. वर्तुळाच्या समीकरणात बाहेरचा बिंदू टाकला तर धन आकडा उरतो, आतला टाकला तर ऋण. P नेहमी B च्या जवळ असतो, म्हणून हे वर्तुळ B ला पोटात घेऊन बसतं आणि A बाहेर राहतो. A ला 24, B ला -6, चिन्हं जशी हवीत तशीच आहेत. उलटी आली असती तर PB = 2PA धरून गणित केलं गेलं असं समजायचं.

झटपट_सीईटी

मान्य. पण बिंदुपथात माझी दुसरी युक्ती चालते, टोकाची परिस्थिती घ्यायची. 10 लांबीची काठी आहे, एक टोक X अक्षावर सरकतं, दुसरं Y अक्षावर, मध्यबिंदूचा बिंदुपथ काढा. काठी X अक्षावर आडवी पडली की मध्यबिंदू (5, 0). Y अक्षावर उभी राहिली की (0, 5). पर्यायांत टाका, संपला प्रश्न. कुणी x² + y² = 100 केलं असेल तर लगेच पकडला जातो.

उंबराचं_फूल

100 वाला पकडला जातो, पण x + y = 5 वाला सुटतो. टाकून बघ, तुझे दोन्ही बिंदू त्यात बसतात. टोकाच्या परिस्थितीत एक निर्देशक नेहमी शून्य असतो आणि शून्याचा वर्ग केला काय, न केला काय, सारखंच. मधली एक स्थिती घे: टोकं (6, 0) आणि (0, 8). 36 + 64 = 100, काठीची लांबी बरोबर. मध्यबिंदू (3, 4). x + y मध्ये 7 येतं, गेला. x² + y² = 25 मध्ये बसतो. 6-8-10 किंवा 3-4-5 ची जोडी डोक्यात ठेवली की असा बिंदू काढायला वेळ लागत नाही.

लेथमास्टर

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो, गणित सोडून जमाना झाला. पण तुमचं वाचून माझ्या कामाचं काहीतरी दिसतंय म्हणून विचारतो.

एका फ्लँजला भोकं मारायचीत. पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, 100, म्हणजे त्रिज्या 50. मधलं बोअर पकडून तिथे (0, 0) घेतलं. भोकं सगळी x² + y² = 2500 वर यायला पाहिजेत. चार भोकांच्या मध्यांची मापं मिलिमीटरमध्ये अशी आली. पहिलं (35.36, 35.34), दुसरं (-35.38, 35.37), तिसरं (-35.36, -35.37), चौथं (35.33, -35.34). टाकून बघितलं तर वजा 2500 केल्यावर उरतंय -0.75, 2.78, 1.37, -2.88. शून्य एकही नाही. ड्रॉइंगवर पीसीडीला ±0.1 आहे. अडीच-पावणेतीन मिलिमीटर बाहेर म्हणजे सगळा माल भंगारात का?

झटपट_सीईटी

काका, शून्य नाही म्हणजे वर्तुळावर नाही. सरळ आहे.

चक्रपाणी

थांब रे. मास्तर, भंगारात काही घालू नका. ते 2.78 मिलिमीटर नाहीत. x² + y² मध्ये लांबीचा वर्ग असतो, म्हणून उरलेला आकडा चौरस मिलिमीटरमध्ये आहे. केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा केला की तो मिळतो. भोक त्रिज्येपासून किती सरकलंय हे हवं असेल तर त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागा. तुमच्याकडे दुप्पट त्रिज्या 100. म्हणजे दुसरं भोक 0.028 मिलिमीटर बाहेर, चौथं 0.029 आत, तिसरं 0.014 बाहेर, पहिलं 0.008 आत. व्यासाला ±0.1 म्हणजे त्रिज्येला ±0.05. चारही आत बसतात.

चूक लहान असेल तेव्हाच हे भागणं चालतं. आणि समीकरणात x² आणि y² पुढे 1 असला पाहिजे. 3x² + 3y² असं समीकरण ठेवून टाकलंत तर उरलेला आकडाही तिप्पट येईल.

वहीतल्या गणितात पूर्णांक असतात, तिथे शून्य म्हणजे शून्यच. मोजलेल्या मापात शून्य कधीच येणार नाही, आलं तर मलाच संशय येईल.

पण तुमच्या आकड्यांत एक गंमत आहे. पहिलं आणि तिसरं भोक समोरासमोर, त्यांचे आकडे -0.75 आणि 1.37. दुसरं आणि चौथं समोरासमोर, 2.78 आणि -2.88. दोन्ही जोड्यांत चिन्हं उलटी. वर मुलीच्या गणितात जे बघितलं तेच इथे वापरा. पीसीडीच मोठा किंवा लहान झाला असता तर अचर पद चुकल्यासारखं झालं असतं, चारही आकडे एकाच चिन्हाचे आणि साधारण सारखे आले असते. समोरासमोर उलटी चिन्हं येतात ती x आणि y ची पदं चुकल्यावर, म्हणजे केंद्र हललेलं असताना. चारांची सरासरी काढा: 0.13 च्या आसपास. म्हणजे त्रिज्येतला फरक एक-दीड मायक्रॉन, सोडून द्या. केंद्र मात्र मुख्यतः दुसऱ्या भोकाच्या दिशेला आणि थोडं तिसऱ्याच्या दिशेला, मिळून 0.03 मिलिमीटर सरकलंय. भोकांचं वर्तुळ चांगलं आहे, तुमचा (0, 0) त्याच्या केंद्रावर नाही.

लेथमास्टर

आयला! हे बेस्ट काम झालं की. माझा पोरगा म्हणत होता इंडेक्सिंग बिघडलंय.

चक्रपाणी

ते या ताळ्यातून कळणार नाही हं. भोक 45 अंशांऐवजी 46 वर मारलं तरी ते वर्तुळावरच असतं आणि समीकरण खूश असतं. कोन वेगळा तपासायचा, शेजारच्या दोन भोकांतलं अंतर मोजून. तुमच्या चार मापांत x आणि y जवळजवळ सारखे आहेत, म्हणून इथे तरी कोनात मोठी गडबड दिसत नाही.

खडूस_परीक्षक

कारखाना जरा बाजूला ठेवून पेपरकडे येऊ. मुलं ताळा उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यासाठी वेळ घालवतात. मी तरी त्याचे वेगळे गुण देत नाही, प्रश्नात "पडताळा पाहा" असं म्हटलं असेल तरच देतो. कच्च्या कामाच्या जागी करा. आणि बिंदू टाकून उत्तर बरोबर आहे हे दाखवलं म्हणजे उत्तर काढलं असं होत नाही. मधल्या पायऱ्या नसतील तर नुसता ताळा बघून पूर्ण गुण मिळत नाहीत.

चक्रपाणी

यावर आपलं जमणार नाही. एखाद्याने शेवटी ताळा लिहिला, तो जमला नाही आणि त्याने तसं लिहून ठेवलं, तर मी त्याला कोरं सोडणाऱ्यापेक्षा वर ठेवीन.

खडूस_परीक्षक

ठेवा की. गुणदान योजनेत ती ओळ नसते एवढंच म्हणतोय.

उंबराचं_फूल

परीक्षक महाराज, तुम्ही आहात तर एक विचारून घेते. A(-1, 3) आणि B(5, -5), कोन APB काटकोन, P चा बिंदुपथ काढा. उत्तर येतं x² + y² - 4x + 2y - 20 = 0. शेवंताताई, हे तुमच्याच पहिल्या गणितातलं वर्तुळ आहे बरं, AB त्याचा व्यास.

आता यात A टाकला: 1 + 9 + 4 + 6 - 20, शून्य. B सुद्धा शून्य देतो. पण P जर A वरच आला तर कोन APB राहतोच कुठे? PA ही बाजूच उरत नाही. म्हणजे समीकरण म्हणतंय A चालेल, आणि अट म्हणते चालणार नाही. उलट्या दिशेने ताळा घेतला की हे दिसतं, नुसते बिंदू टाकून दिसत नाही. मी मुलांना "A आणि B वगळून" असं लिहायला लावते. बरोबर ना?

खडूस_परीक्षक

लिहिलं तर गुण कापत नाही, नाही लिहिलं तरी कापत नाही. समीकरण बरोबर हवं.

चक्रपाणी

प्रश्न कसा विचारलाय त्यावर आहे. PA² + PB² = AB² अशी अट असेल तर A आणि B दोन्ही चालतात, कारण P = A घेतला की डावीकडे फक्त AB² उरतं. कोनाचे शब्द असतील तर फूलताई म्हणतात ते बरोबर. पण "AB व्यास असलेलं वर्तुळ" असं उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी चूक म्हटलेलं नाही.

उंबराचं_फूल

मी म्हणते. दोन बिंदू का असेनात, नाहीत तर नाहीत.

शेवंता

लेकीने हे सगळं वाचलं. आज एका गणितात तिन्ही बिंदूंना 12 उरले, तर पान न फाडता थेट शेवटचा आकडा बदलला आणि मग तो कुठून चुकला ते शोधत मागे गेली. बिंदुपथात मात्र अजून अडतेय. अट पाळणारे बिंदू समीकरणाशिवाय कसे शोधायचे, दर वेळी ते (3, 4) सारखे सोपे मिळत नाहीत म्हणते.

उंबराचं_फूल

मिळत नाहीत हे खरंय. दोन स्थिर बिंदू असतील तर आधी त्यांना जोडणाऱ्या रेषेवर शोधायचं. सारख्या अंतराची अट असेल तर मध्यबिंदू बघायचा. तिथेही अपूर्णांक आले तर समीकरणातून एक बिंदू काढून अटीत टाकणं सोपं पडतं, जसा आपण (7, 4) घेतला. x साठी असा आकडा निवडायचा की y पूर्णांक येईल, त्यासाठी केंद्राचा x घेऊन बघ म्हणावं. कधीकधी वर्गमूळ येतंच, मग अंतराचे वर्गच तुलनेला घ्यायचे.

लेथमास्टर

सर, एक राहिलं. केंद्र 0.03 सरकलंय म्हणालात. मग बोअरच भोकांच्या मानाने बाजूला आहे, का मी बोअर पकडताना (0, 0) चुकीचा घेतला?

चक्रपाणी

दोन्हीत आकडे हेच येतील, समीकरणाला फरक कळत नाही. जॉब टेबलवर 180 अंश फिरवून पुन्हा बोअर पकडा आणि तीच भोकं मोजा. सरकल्याची दिशा जॉबबरोबर फिरली तर बोअर बाजूला आहे. मशीनच्या हिशोबात दिशा तीच राहिली तर पकडण्यात फरक पडतोय.

लेथमास्टर

जॉब उतरवून ठेवलाय. परत चढवायचा म्हणजे अर्धा दिवस जातोय. पण ऑर्डर बारा नगांची आहे आणि पुढचे अकरा अजून मारायचेत, तेव्हा चढवतोच. मापं आली की इथे टाकतो. पोराला पण बसवतो वाचायला.